बाबासाहेबांचे कर्ज, पौंडाचा भाव आणि आजचे डॉलरमधले शैक्षणिक कर्ज

परदेशी शिक्षणाचे मार्गदर्शन करणाऱ्या सेमिनारमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते. समोर आपल्या वस्तीतली मुले बसलेली असली की ते जरा जास्तच जोरात येते: "बाबासाहेब कर्ज काढून लंडनला शिकले, मग तुम्ही का घाबरता?" वाक्य खोटे नाही. बाबासाहेबांनी कर्ज काढले होते. पण ते कोणत्या चलनात काढले, कोणत्या चलनात खर्च केले, आणि त्या दोन चलनांमधला भाव त्या दोन-तीन वर्षांत कुठून कुठे गेला, हे तो सेमिनारवाला सांगत नाही. सांगितले तर त्याची फाइल पुढे सरकणार नाही. विशेष म्हणजे ज्या माणसाचे नाव पुढे करून हे कर्ज खपवले जाते, त्याच माणसाने लंडनमध्ये बसून याच भावाच्या चढउतारावर डी.एस्सी.चा प्रबंध लिहिला. म्हणून हा हिशेब त्यांच्यापासूनच सुरू करू.

१९२० च्या जुलैमध्ये बाबासाहेब दुसऱ्यांदा लंडनला निघाले. सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतून साठवलेले थोडे पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढी त्यांची पुंजी होती. भथेनांचे कर्ज रुपयांतले होते. लंडनमध्ये खोलीचे भाडे, कॉलेजची फी, पाव आणि पुस्तके, सगळे पौंडांत.

त्या वेळचा पौंड म्हणजे २० शिलिंग, आणि एक शिलिंग म्हणजे १२ पेन्स. रुपयाचा भाव शिलिंग-पेन्समध्ये सांगत. मराठीत याला हुंडणावळीचा दर म्हणत. एक रुपया २ शिलिंगांचा असेल तर एका पौंडाला १० रुपये पडतात. रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर उतरला तर पौंडाला १५ रुपये. हे एवढे लक्षात ठेवले की पुढचे सगळे कळते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात चांदी महागत गेली आणि रुपयाचे नाणे चांदीचे, त्यामुळे रुपयाचा भावही चढला. १९२० च्या फेब्रुवारीत लंडनला चांदी औंसाला ८९ पेन्सपर्यंत पोचली आणि रुपया २ शिलिंग १० पेन्सच्या आसपास गेला. म्हणजे एका पौंडाला जेमतेम ७ रुपये. बॅबिंग्टन स्मिथ समितीने तर रुपया सोन्यातल्या २ शिलिंगांना कायमचा बांधावा अशी शिफारस केली. समितीवरचे एकटे भारतीय सदस्य दादिबा मेरवानजी दलाल यांनी वेगळे मत नोंदवले. इतका वरचा भाव टिकणार नाही, जुना १ शिलिंग ४ पेन्सच ठेवा, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने समितीचे ऐकले. भाव घसरू लागला तेव्हा तो सावरायला लंडनवरच्या हुंड्या, ज्यांना 'उलट हुंड्या' म्हणत, विकायला सुरुवात केली. सुमारे साडेपाच कोटी पौंड अशा रीतीने विकून झाल्यावर सप्टेंबर १९२० मध्ये सरकारने हात टेकले. १९२१ मध्ये रुपया १ शिलिंग ४ पेन्सच्याही खाली गेला.

आता तारखा जुळवून बघा. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब बोटीत बसले तेव्हा सरकार २ शिलिंगांचा भाव टिकवण्याची शेवटची धडपड करत होते. त्या भावाने भथेनांचे पाच हजार रुपये म्हणजे ५०० पौंड. तेच पाच हजार वर्षभराने १ शिलिंग ४ पेन्सच्या भावाने बदलले तर ३३३ पौंड. एकही पैसा खर्च न करता एक तृतीयांश रक्कम गायब. सगळे पैसे एकाच दिवशी बदलले गेले नसणार, त्यामुळे त्यांचे नेमके किती नुकसान झाले हा दावा मी करत नाही. पण कोणत्या वाऱ्यात ते शिकत होते, ते या आकड्यांवरून कळते.

यानंतरची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड कर्जाऊ मागितले. इथे कर्जाचे चलन बदलले. भथेनांचे कर्ज रुपयांत होते. रुपया पडला तर त्या कर्जातून लंडनमध्ये कमी भाकरी येते, पण मुंबईला परत आल्यावर फेडायचे ते पाच हजारच. पौंडातल्या कर्जाचे उलटे असते. लंडनमध्ये २०० पौंडांचे २०० पौंडच मिळतात, तिथे काही कमी होत नाही. घसरण गाठते ती परतफेडीच्या वेळी. २ शिलिंगांच्या भावाने २०० पौंड फेडायला २,००० रुपये लागले असते, १ शिलिंग ४ पेन्सच्या भावाने ३,००० रुपये लागतात. कर्ज एका पौंडानेही वाढलेले नाही, व्याज धरलेलेच नाही, तरी ऋणकोच्या खिशातून हजार रुपये जास्त जातात.

हा फरक नीट समजून घ्या, कारण आजची बहुतेक फसगत इथेच होते. रुपयातल्या कर्जात घसरणीचा फटका शिकताना बसतो. तेव्हाच कळतो, तेव्हाच हातपाय मारता येतात. परकीय चलनातल्या कर्जात फटका नंतर बसतो, शिक्षण संपल्यावर, करार मोडता येत नाही अशा वेळी.

त्याच वर्षी मुंबईत दुसऱ्या एका वर्गाला हाच फटका बसला. रुपया २ शिलिंगांच्या वर असताना कापडाच्या व्यापाऱ्यांनी लँकेशायरच्या गिरण्यांकडे भराभर मागण्या नोंदवल्या होत्या. पैसे द्यायचे पौंडांत. माल बंदरात लागेपर्यंत रुपया कोसळला आणि प्रत्येक गाठोड्यामागे द्यायचे रुपये दीडपट झाले. व्यापाऱ्यांनी काय केले? त्यांच्या संघटनांनी ठराव केले की आम्ही २ शिलिंगांच्याच भावाने हिशेब चुकता करू, त्यापेक्षा जास्त रुपये देणार नाही. माल गोदीत पडून राहिला. इंग्रज निर्यातदार संतापले, करारभंगाची ओरड झाली. पण व्यापाऱ्यांकडे संघटना होती, गोदाम होते, थांबण्याची ताकद होती. लंडनच्या भाड्याच्या खोलीत बसलेल्या विद्यार्थ्याला असा ठराव करता येत नाही.

आणि तिसरा वर्ग होता खुद्द राज्यकर्त्यांचा. त्याची हकिगत १९२० च्याही आधीची आहे. १८७० च्या सुमारास रुपया जवळपास २ शिलिंगांचा होता. जगात चांदी स्वस्त होत गेली तसा तो घसरत १८९३-९४ पर्यंत १ शिलिंग ३ पेन्सच्या आतबाहेर आला. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनमध्ये पौंडांत देणी द्यायची होती. रेल्वेच्या भांडवलावरचे व्याज, निवृत्तिवेतने, इंडिया ऑफिसचा खर्च, या सगळ्याला 'होम चार्जेस' म्हणत. देणे पौंडात आणि शेतसाऱ्याची वसुली रुपयांत. रुपया पडला की तेवढ्याच पौंडांसाठी रयतेकडून जास्त रुपये. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात चांदीच्या चलनाच्या अस्थिरतेचे परिणाम मांडताना हा बोजा सविस्तर दाखवला आहे.

त्याच काळात इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार होती की आमचा पगार रुपयांत, पण बायकामुले इंग्लंडात, मुलांच्या शाळेची फी पौंडांत. तक्रार खरीच होती. १०० पौंड घरी पाठवायला पूर्वी १,००० रुपये लागत, ते आता १,६०० लागू लागले. सरकारने १८९३ मध्ये त्यांच्यासाठी विनिमय भरपाई भत्ता सुरू केला. अर्धा पगार, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, १ शिलिंग ६ पेन्सच्या सवलतीच्या भावाने धरायचा आणि बाजारभावाशी जो फरक येईल तो सरकारने द्यायचा. म्हणजे त्या १०० पौंडांना अधिकाऱ्याच्या खिशातून १,६०० ऐवजी साधारण १,३३३ रुपये. उरलेले रुपये हिंदुस्थानच्या तिजोरीतून. ज्यांचे कायमचे घर हिंदुस्थानात होते त्यांना हा भत्ता नव्हता. साहेबाच्या मुलाच्या शाळेची फी पौंड महागला म्हणून जड जाऊ नये, यासाठी इथल्या शेतकऱ्याचा सारा वापरला गेला, असे याचे सरळ मराठीत भाषांतर होते.

म्हणजे चलन पडल्यावर नुकसान कोण सोसणार, हे भावावर ठरत नाही. ज्याची सत्ता आहे त्याला भरपाई मिळते, ज्याची संघटना आहे तो भाव नाकारतो, आणि जो एकटा आहे तो भरतो. बाबासाहेबांच्या अर्थशास्त्राचा गाभाही याच्या जवळच आहे. रुपया घसरला की निर्यातदाराला फायदा होतो, असे गिरणीमालक आणि व्यापारी म्हणत होते. बाबासाहेबांनी विचारले की हा फायदा येतो कुठून? किमती वाढतात पण मजुरी त्या वेगाने वाढत नाही, म्हणजे मालकाचा नफा हा मजुराच्या ताटातून काढलेला घास आहे. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी विनिमय दराचा प्रश्न वर्गांच्या हितसंबंधांचा प्रश्न म्हणूनच मांडला.

आता आजच्या कर्जाकडे येऊ. परदेशी शिक्षणासाठी भारतीय बँकांचे कर्ज साधारणतः रुपयांत मंजूर होते. बँक प्रत्येक सत्राला त्या दिवशीच्या भावाने डॉलर किंवा पौंड पाठवते. हे भथेनांच्या कर्जासारखे आहे. दुसरा प्रकार परदेशी कर्जसंस्थांचा. त्या डॉलरमध्ये कर्ज देतात आणि हप्ताही डॉलरमध्येच घेतात. त्यांची जाहिरात असते ती 'तारण नको, जामीनदार नको' या दोन शब्दांची. नामवंत विद्यापीठात प्रवेश मिळाला असेल, तर पुढच्या कमाईच्या अंदाजावर त्या पैसे देतात. हे शाहू महाराजांकडे मागितलेल्या पौंडांसारखे. मात्र इथे समोर महाराज नसतात.

एक हिशेब करू. समजा एका मुलीने २०१८ च्या जानेवारीत ४०,००० डॉलरचे कर्ज घेतले. तेव्हा डॉलर साधारण ६४ रुपयांना होता. म्हणजे कर्ज २५ लाख ६० हजार रुपयांचे. व्याज वर्षाला १२ टक्के, मुदत दहा वर्षे. शिकत असताना तिने व्याज भरत ठेवले, म्हणून मुद्दल तेवढेच राहिले. नोव्हेंबरपासून महिना ५७४ डॉलरचा हप्ता सुरू झाला. कर्ज घेतानाच्या भावाने हा हप्ता ३६,७०० रुपयांचा होता. घरच्यांनी वहीत हाच आकडा लिहिला.

२०२२ च्या ऑक्टोबरात डॉलर ८३ वर गेला. हप्ता तोच ५७४ डॉलर, पण रुपयांत आता ४७,६०० च्या वर. महिन्याला जवळपास ११ हजारांचा फरक, आणि यात तिचा काहीही दोष नाही. पण मला त्याहून जास्त अस्वस्थ करणारा आकडा वेगळाच आहे. तोपर्यंत तिने ४८ हप्ते न चुकता भरले. या चार वर्षांतला सरासरी भाव ७३-७४ धरला तर तिने २० लाखांहून जास्त रुपये भरले. डॉलरमध्ये तिचे मुद्दल ४०,००० वरून साधारण २९,३५० वर आले, म्हणजे चांगली प्रगती. रुपयांत मोजले तर? २९,३५० गुणिले ८३, म्हणजे २४ लाख ३६ हजार. वीस लाख भरूनही रुपयांतले देणे २५.६० लाखांवरून २४.३६ लाखांवर आले. चार वर्षांत सव्वा लाखाने कमी.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ती मुलगी अमेरिकेत नोकरी करत असेल तर तिला हप्ताही डॉलरमध्ये आणि पगारही डॉलरमध्ये, रुपया पडला काय नि चढला काय, तिचे काही बिघडत नाही. अगदी बरोबर. उलट तिला रुपयातले कर्ज असते तर घसरणीने तिचा फायदाच झाला असता. दुसरेही मान्य करायला हवे की भारतातले पगारही वर्षानुवर्षे थोडे वाढतात, त्यामुळे संथ घसरणीचा काही भाग त्यात मुरतो. मुरत नाही ती झटक्यात होणारी घसरण. ६ जून १९६६ ला एका रात्रीत डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांचा झाला होता. कोणाचा पगार त्या रात्री वाढला नव्हता.

म्हणजे डॉलरमधले कर्ज हे खरे तर परत न येण्यावर लावलेली पैज आहे. व्हिसा मिळाला, नोकरी टिकली, तर सगळे ठीक. अमेरिकेत शिक्षणानंतर साधारण एक वर्ष काम करता येते, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या काही अभ्यासक्रमांना आणखी दोन वर्षे, आणि त्यापुढचा एच-वन-बी व्हिसा सोडतीवर. सोडतीत नाव लागले नाही किंवा आईवडील आजारी पडले म्हणून परतावे लागले, की कमाई रुपयांत आणि हप्ता डॉलरमध्ये. समाजशास्त्र, समाजकार्य, कायदा, सार्वजनिक आरोग्य असे विषय घेऊन जी मुले इथे येऊन काम करायच्या उद्देशानेच जातात, त्यांच्यासाठी तर ही पैज पहिल्या दिवसापासून हरलेली आहे. बाबासाहेब १९२३ मध्ये परतले आणि मुंबईत रुपयांत वकिली केली. आजच्या अटींवर, डॉलरमध्ये पूर्ण शिक्षणाचे कर्ज घेऊन ते परतले असते, तर घसरत्या रुपयाची सगळी किंमत त्यांनाच मोजावी लागली असती.

मग मुले रुपयातलेच कर्ज का घेत नाहीत? कारण साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँक सहसा तारण मागते. काही निवडक विद्यापीठांसाठी सूट असते, पण सर्वसाधारण नियम घर किंवा जमीन गहाण टाकण्याचा. ज्याच्या आजोबांच्या नावावर सातबारा आहे त्याला रुपयातले कर्ज, आणि ज्याच्या आजोबांना गावकुसाबाहेर जागा होती त्याला 'तारण नको' म्हणणारे डॉलरचे कर्ज. विनिमयाची जोखीम कोणाच्या गळ्यात पडते, हे अशा रीतीने दोन पिढ्यांपूर्वीच ठरलेले असते. बँकेच्या खिडकीवरचा माणूस जात विचारत नाही, तो सातबारा विचारतो.

ही जोखीम सरकारला उचलता येते, याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत निर्वाह भत्ता परकीय चलनातच ठरवलेला असतो, अमेरिकेसाठी डॉलरमध्ये आणि ब्रिटनसाठी पौंडांत. रुपया पडला तरी विद्यार्थ्याला तेवढेच डॉलर मिळतात आणि वाढलेले रुपये सरकार भरते. १८९३ मध्ये साहेबांसाठी केले तेच इथे विद्यार्थ्यासाठी होते. पण जागा सगळ्या देशात मिळून १२५. बाकीच्यांसाठी शैक्षणिक कर्ज हाच मार्ग उरतो, आणि त्या कर्जातल्या चलनाच्या जोखमीबद्दल कोणतेही धोरण नाही. मागणी करायचीच असेल तर मोघम 'कर्ज सुलभ करा' अशी न करता, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना साडेसात लाखांच्या वरही सरकारी हमीवर, तारणाशिवाय, रुपयातले कर्ज द्या, अशी नेमकी करावी.

तोवर ज्यांच्या हातात आत्ता मंजुरीपत्र आहे त्यांच्यासाठी. व्याजाचा टक्का नंतर बघा, आधी बघा की हप्ता कोणत्या चलनात लिहिलाय. डॉलरमधला ९ टक्के आणि रुपयातला ११ टक्के यांची सरळ तुलना होत नाही. १९९१ च्या जुलैतल्या अवमूल्यनानंतर डॉलर सुमारे २६ रुपयांवर होता, २०२२ मध्ये ८३. ही घसरण सरासरी वर्षाला साडेतीन ते चार टक्के पडते. ती ९ मध्ये मिळवा, म्हणजे रुपयांत कमावणाऱ्याला ते कर्ज १३ टक्क्यांच्या आसपास पडेल. २०१८ ते २०२२ सारखा काळ आला तर त्याहूनही वर. रुपयातले कर्ज मिळत असेल तर मंजूर रक्कम फीच्या आजच्या भावाने काठोकाठ घेऊ नका. दुसऱ्या वर्षाची फी दुसऱ्या वर्षाच्या भावाने जाणार आहे, तेव्हा दहा टक्के तरी जागा ठेवा, नाहीतर शेवटच्या सत्राला पैसे कमी पडतील. डॉलरचे कर्ज आधीच घेतले असेल, तर जितके महिने डॉलरमध्ये पगार मिळतोय तितके महिने हप्त्यापेक्षा जास्त भरून मुद्दल उतरवा. मुदतीपूर्वी फेडीला दंड आहे का, ते करारात तपासा. परत यायची तारीख जवळ आली की घरी पाठवायच्या पैशांपेक्षा हे आधी करा, घरच्यांना वाईट वाटले तरी. आणि घरच्या वहीत हप्ता रुपयांत लिहू नका, डॉलरमध्येच लिहा. शेजारी त्या महिन्याचा भाव लिहा.